‘लाइट नव्हती सर’ एवढ्यावर भागत नाही! बुडलेल्या ऑनलाइन क्लासचा खुलासा कसा द्यायचा?

पावसाळा लागला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे वारं सुटलं की लाइट जाणार, आणि दुसरी म्हणजे लाइट गेली की काही वेळाने मोबाइलची रेंजही जाणार. आता त्यात तिसरी गोष्ट आली आहे. कॉलेजचे, कोर्सचे काही क्लास ऑनलाइन झालेत आणि ते सक्तीचे आहेत. हजेरी ७५ टक्के भरली नाही तर परीक्षेचा फॉर्म अडतो. म्हणजे वाडीवरचा डीपी जळाला तर त्याचा फटका थेट पोरीच्या वर्षाला बसू शकतो.

अशा वेळी पोरं अर्ज काय करतात? ‘आमच्या गावात चार दिवस लाइट आणि नेट नव्हते, त्यामुळे हजर राहू शकलो नाही, तरी माफी असावी.’ बऱ्याचदा हा अर्ज नामंजूर होतो आणि मग घरची मंडळी कॉलेजला नावं ठेवतात. पण जरा सरांच्या जागी बसून बघा. असे तीस-चाळीस अर्ज त्यांच्या टेबलावर पडलेले असतात. त्यातला खरा कोणता आणि झोपून राहिलेल्याचा कोणता, हे त्यांना कळायचं कसं? अर्जात तपासून बघता येईल असं काहीच नसतं.

आपलं म्हणणं खरं असणं वेगळं आणि ते समोरच्याला पटणं वेगळं. लाइट गेली, रेंज गेली, फोन बंद पडला, ह्या प्रत्येक गोष्टीची नोंद कुठे ना कुठे राहते. ती नोंद कुठे असते आणि ती कशी मिळवायची, हे माहीत पाहिजे.

तीन दिवसांची तीन कारणं

डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीतली एक विद्यार्थिनी. नाव देत नाही, कॉलेजचंही देत नाही. तिचा क्लास गुरुवार, शुक्रवार, शनिवार सकाळी दहा वाजता असतो. सत्रात एकूण २० क्लास, त्यातले १५ भरलेच पाहिजेत. आधी तिचे आजारपणात तीन बुडालेले होते.

बुधवारी संध्याकाळी साडेपाच-पावणेसहाला वादळ आलं. गावाच्या खाली ११ केव्हीच्या लाइनवर झाड पडलं आणि सगळा गावठाण फीडर बंद झाला. रात्री दहाच्या सुमाराला रेंजही गेली. गुरुवारी दुपारी तीनला लाइनमन लोकांनी झाड काढून तार जोडली आणि खालच्या गावात लाइट आली. थोड्या वेळात टॉवरही सुरू झाला. पण वाडीवर अंधारच, कारण वाडीचा डीपी वादळात जळाला होता. तो बदलून लाइट आली शनिवारी संध्याकाळी सातला.

आता क्लासचं बघा. गुरुवारी लाइटही नव्हती आणि रेंजही नव्हती. शुक्रवारी रेंज होती, पण घरातले सगळे फोन बंद पडलेले. वडिलांनी दुपारी खालच्या गावात पिठाच्या गिरणीवर नेऊन फोन चार्ज करून आणले, पण तोवर क्लास संपला होता. शनिवारी फोन चार्ज, रेंजच्या दांड्याही दिसतायत, पोरगी दहा वाजून दोन मिनिटांनी क्लासला जोडलीसुद्धा. सहा मिनिटांत नेट गेलं. रस्त्यावरची माती काढताना जेसीबीने खाली फायबरची केबल तोडली होती.

तीन दिवस, तीन वेगळी कारणं. पण तिने अर्जात लिहिलं, ‘बुधवारपासून शनिवारपर्यंत गावात लाइट व नेट नव्हते.’ सरांनी चौकशी केली. खालच्या गावातला दुसरा विद्यार्थी शुक्रवारी क्लासला हजर होता. फीडर तर गुरुवारी दुपारीच चालू झाल्याचं कळलं. झालं! अर्ज खोटा ठरला. पोरगी खोटं बोलत नव्हती, पण तिने सगळं एका वाक्यात कोंबलं आणि ते वाक्य चुकीचं निघालं. हजेरी राहिली २० पैकी १४, म्हणजे ७० टक्के. फॉर्म अडला.

‘फीडर चालू होता’ आणि ‘आमच्याकडे लाइट नव्हती’, दोन्ही खरं

इथे वीज गावात कशी येते ते समजून घेतलं पाहिजे. सबस्टेशनमधून ११ केव्हीचा फीडर निघतो. त्याच्यावर आठ-दहा गावं असतात. त्या फीडरवरून प्रत्येक गावात, वस्तीत एक-दोन डीपी असतात, ज्याला कागदावर रोहित्र म्हणतात. डीपीवरून घरात लाइट येते.

सबस्टेशनला ऑपरेटर बसतो, तो लॉगबुकात लिहितो की फलाणा फीडर किती वाजता बंद पडला आणि किती वाजता चालू केला. ही नोंद फीडरची असते. तुमच्या वाडीचा एकटा डीपी जळाला असेल, डीपीवरचा फ्यूज गेला असेल किंवा तुमच्या खांबावरची तार तुटली असेल, तर सबस्टेशनला फीडर चालूच दिसणार. म्हणून कोणी सबस्टेशनला फोन करून विचारलं, तर उत्तर मिळेल ‘लाइट चालू आहे’. तो माणूसही खोटं बोलत नसतो.

तेव्हा आधी ओळखायचं की गेलं काय. शेजारच्या गावातही अंधार असेल तर फीडर बंद आहे. शेजारी दिवे दिसतायत आणि आपल्याच वाडीवर नाहीत, तर डीपी किंवा आपली लाइन. आळीत एकट्या आपल्याच घरात नसेल तर सर्व्हिस वायर नाहीतर मीटरपाशी काहीतरी आहे. फीडर बंद असेल तर पुरावा सबस्टेशनच्या लॉगबुकात आहे. डीपी गेला असेल तर पुरावा तुमच्या तक्रारीत आणि शाखा कार्यालयाच्या रोहित्र बदलाच्या नोंदीत आहे.

म्हणूनच तक्रार नोंदवणं फार महत्त्वाचं. आपल्याकडे सवय काय, तर वायरमनला फोन लावायचा, ‘भाऊ, लाइट गेली बघ.’ तो येतोही बिचारा, पण त्या फोनची कागदावर नोंद नाही. महावितरणचा १९१२ हा नंबर आहे, १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हे टोल फ्री आहेत. तिथे तक्रार केली की तक्रार क्रमांक मिळतो. ज्याचा मोबाइल नंबर वीज जोडणीला नोंदवलेला आहे त्याला मेसेजही करता येतो. `NOPOWER` लिहायचं, एक जागा सोडायची, बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक टाकायचा आणि ९९३०३९९३०३ वर पाठवायचं. अडचण एवढीच की खेड्यात मीटर अजून आजोबांच्या नावावर आणि मोबाइल नंबर नोंदवलेलाच नाही, असं बऱ्याच घरांत आहे. हे काम लाइट असतानाच करून ठेवा.

ह्या घरात वडिलांनी गुरुवारी रात्री आठच्या सुमाराला एसटी स्टँडवर जाऊन १९१२ ला तक्रार केली होती. क्रमांकाचा मेसेज फोनमध्ये होता. फक्त तो अर्जाला जोडायचा असतो, हे कोणाला सुचलं नाही.

रेंजचं घड्याळ वेगळं चालतं

लाइट गेल्या गेल्या रेंज जात नाही. टॉवरच्या पायाशी बॅटऱ्या असतात, त्यावर तो काही तास चालतो. बॅटऱ्या नव्या असतील तर जास्त वेळ, जुन्या झाल्या असतील तर तासा-दोन तासांत खेळ खलास. काही टॉवरला जनरेटर असतो, पण डिझेल आणून टाकलं तरच तो चालणार. रस्ता बंद असला की डिझेल येत नाही. म्हणून लाइट जाण्याची वेळ आणि रेंज जाण्याची वेळ एक नसते, तसंच दोन्ही परत येण्याची वेळही एक नसते. अर्जात दोन्ही वेळा वेगळ्या लिहायच्या.

फोनकडे बघूनही थोडं कळतं. सिग्नलच्या दांड्याच नाहीत आणि ‘नो सर्व्हिस’ दिसतंय, तर बहुधा टॉवर बंद आहे. ‘इमर्जन्सी कॉल ओन्ली’ दिसतंय, तर तुमच्या कंपनीचा टॉवर बंद, पण दुसऱ्या कंपनीचा चालू असू शकतो. दांड्या भरपूर आहेत आणि नेट मात्र नुसतं फिरत राहतंय, तर टॉवर चालू असून त्याच्या मागची केबल तुटलेली असू शकते. किंवा शेजारचा टॉवर बंद पडून सगळ्यांचा भार एकाच टॉवरवर आला असेल. असं काही दिसलं की तेव्हाच स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. त्यात वरती वेळ येते. फोनची बॅटरी किती उरली होती तेही येतं. ह्या पोरीकडे शनिवारचा असा एक स्क्रीनशॉट होता, १० वाजून ११ मिनिटांचा, दांड्या तीन आणि नेट शून्य.

आणखी एक गोष्ट. रेंज कमजोर असली की फोन टॉवरला धरून ठेवायला जास्त ताकद लावतो आणि बॅटरी भराभर उतरते. लाइट गेली आहे आणि रेंजही नाही, तर फोन फ्लाइट मोडवर टाका. दुसऱ्या दिवशी क्लासपुरती बॅटरी राहू शकते.

आता कोणी म्हणेल, मोबाइल कंपनीकडून पत्र घ्या. दूरसंचार नियामक ट्रायने २०२४ मध्ये नवे नियम केले. जिल्हाभर सेवा चार तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर कंपनीने ट्रायला कळवायचं, आणि २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई द्यायची. नियम चांगला आहे, पण हिशेब जिल्ह्याचा आहे. आपल्या तीन वाड्यांचा एक टॉवर दोन दिवस बंद राहिला तर तो ह्या हिशेबात धरलाच जात नाही. म्हणून तिथून कागद मिळेल ह्या भरवशावर राहू नका. कस्टमर केअरला तक्रार करून तिचा नंबर मात्र घ्या, तेवढा उपयोगी पडतो.

क्लासच्या बाजूलाही पुरावा असतो

हे फार कमी जणांना माहीत आहे. ऑनलाइन क्लासच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये कोण किती वाजता आलं आणि किती वेळ थांबलं, याची यादी निघते. कॉलेजची व्यवस्था तशी असेल तर ती सरांकडे असते. ह्या पोरीचं नाव शनिवारच्या यादीत होतं, १०.०२ ला आली, सहा मिनिटं थांबली. अर्ध्या तासापेक्षा कमी म्हणून गैरहजेरी लागली. पण ज्याला क्लास बुडवायचा आहे तो सहा मिनिटांसाठी येईल कशाला? अर्जात फक्त एवढंच लिहायचं, ‘दि. अमुकची हजेरी यादी कृपया तपासावी, मी १०.०२ ला जोडले होते.’ बाकी काम ती यादी करते.

आणि साधा एसएमएस विसरू नका. जिथे नेट चालत नाही तिथेही पुष्कळदा एसएमएस जातो, कारण त्याला फार कमी सिग्नल पुरतो. ‘सर, वाडीचा डीपी जळाला आहे, आज १० च्या क्लासला येता येत नाही’ असा मेसेज क्लासच्या आधी किंवा त्याच दिवशी गेला, तर आठ दिवसांनी केलेल्या अर्जापेक्षा त्याचं वजन जास्त. मेसेज त्या दिवशीचा असतो, नंतर तयार करता येत नाही.

दुसरा अर्ज

मग त्या घराने दुसरा अर्ज केला. शाखा कार्यालयात जाऊन सहायक अभियंता साहेबांकडून दोन ओळींचं पत्र आणलं, त्यात रोहित्र जळाल्याची आणि बदलल्याची तारीख-वेळ होती. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांचा एक दाखला घेतला. अर्जातला मजकूर साधारण असा होता:

‘माझे तीन क्लास खालील कारणांनी बुडाले. गुरुवार: फीडर बंद असल्याने गावात वीज नव्हती, बुधवारी रात्री सुमारे १० पासून गुरुवारी दुपारपर्यंत मोबाइल सेवाही बंद होती. शुक्रवार: मोबाइल सेवा व खालच्या गावातील वीज चालू होती, परंतु आमच्या वाडीचे रोहित्र जळाल्याने बुधवार संध्याकाळपासून वीज नव्हती व फोन बंद होता. शनिवार: फोन चार्ज करून १०.०२ ला क्लासला जोडले, सहा मिनिटांनी इंटरनेट बंद पडले. सोबत वीज तक्रार क्रमांकाचा मेसेज, शाखा कार्यालयाचे पत्र, ग्रामपंचायतीचा दाखला व शनिवारचा स्क्रीनशॉट जोडला आहे. गुरुवार व शुक्रवारचे क्लास हजेरीच्या हिशेबातून वगळावेत आणि शनिवारच्या क्लासबद्दल लेखी काम द्यावे, ही विनंती.’

ह्यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली, जे आपल्या विरुद्ध जातं तेही तिने स्वतःच सांगितलं. शुक्रवारी रेंज होती, खालच्या गावात लाइट होती, हे लिहिलं. त्यामुळे सरांना पकडायला काही उरलं नाही आणि बाकीच्या म्हणण्यावर विश्वास बसला.

दुसरी, ‘माफी असावी’ न म्हणता तिने नेमकं काय पाहिजे ते मागितलं. हा हिशेब महत्त्वाचा आहे. २० पैकी १४ म्हणजे ७० टक्के. दोन क्लास हिशेबातून काढले तर १८ पैकी १४, म्हणजे ७७ टक्क्यांच्या वर. शनिवारचं लेखी काम हजेरी म्हणून धरलं तर १८ पैकी १५, म्हणजे ८३ टक्के. म्हणजे कॉलेजला नियम मोडायची गरजच पडत नाही, ७५ ची अट तशीच राहते. कॉलेजने दोन्ही विनंत्या मान्य केल्या आणि फॉर्म भरला गेला.

प्रत्येक ठिकाणी असंच होईल असं नाही. गैरहजेरी माफ करायचा अधिकार कुठे प्राचार्यांना असतो, कुठे विद्यापीठाला, आणि किती टक्क्यांपर्यंत माफ करायची ह्याची मर्यादाही वेगवेगळी असते. आपल्या कोर्सचं नियमपत्रक आधी वाचा, अर्ज कोणाच्या नावाने आणि किती दिवसांत करायचा ते त्यात असतं.

शाखा कार्यालयाने पत्र दिलंच नाही तर? माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करून त्या तारखांची फीडर लॉगबुकाची नक्कल आणि रोहित्र बदलाची नोंद मागता येते. पण उत्तराला ३० दिवस लागू शकतात. फॉर्मची तारीख जवळ असेल तर ह्याच्यावर विसंबू नका. अर्जात ‘माहिती मागवली आहे, मिळताच सादर करते’ असं लिहून पोच जोडा.

चूक कोणाचीच नाही, मग गैरहजेरी पोरीचीच का?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. राज्य वीज नियामक आयोगाच्या मानकानुसार ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र बदलायला ४८ तास आहेत. वरच्या उदाहरणात तक्रार गुरुवारी रात्री आठला, लाइट शनिवारी संध्याकाळी सातला. म्हणजे ४७ तास. वीजवाल्यांनी नियम पाळला. मोबाइल कंपनीने नियम मोडला असंही नाही, कारण जिल्हा काही बंद नव्हता. कॉलेजनेही नियमाप्रमाणेच गैरहजेरी लावली. सगळे नियमात, आणि तरी वर्ष जायची वेळ आली ती पोरीवर.

याचं कारण, हजेरीचा नियम वर्गखोलीसाठी झालेला आहे. वर्गात न येणं हे बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या हातात असतं. ऑनलाइन क्लासला जायचा रस्ता म्हणजे तार, डीपी आणि टॉवर. तो रस्ता वाहून गेला तर विद्यार्थ्याने जायचं कुठून? २०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली भागात विजेचे खांब आडवे झाले. आणि १५ जूनपासून राज्यात शाळेचं वर्ष ऑनलाइन सुरू करायचं ठरलेलं होतं. तिथल्या कित्येक गावांत तेव्हा लाइटच आलेली नव्हती. त्याच वर्षी कणकवली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या, कौतुकही झालं. पण पोरीने झोपडीत बसायचं आणि नियम जागचा हलायचा नाही, हे बरोबर आहे का?

मोठं काही मागायची गरज नाही. जी संस्था ऑनलाइन क्लास सक्तीचा करते तिने सत्राच्या सुरुवातीलाच तीन गोष्टी लेखी सांगाव्यात. वीज-नेट गेलं तर कोणत्या नंबरला एसएमएस करायचा, कोणता कागद चालेल, आणि क्लासचं रेकॉर्डिंग बघून किती दिवसांत लेखी काम दिलं तर हजेरी धरली जाईल. हे आधी ठरलेलं असलं तर नंतर कोणाला हातापाया पडावं लागणार नाही आणि खोटं सांगणाराही सुटणार नाही.

आणि आपण गावात एक करू शकतो. ग्रामपंचायतीत एक साधी दोनशे पानी वही ठेवायची. लाइट कधी गेली, फीडर की डीपी, कोणती वस्ती, तक्रार क्रमांक काय, कधी आली, रेंज कधी गेली नि कधी आली. शिपायाने रोजच्या रोज लिहायचं आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आठवड्याला सही करायची. आज दाखला देताना त्यांनाही वेळा आठवत नाहीत, ‘तीन-चार दिवस’ असं मोघम लिहिलं जातं आणि असा दाखला टिकत नाही. वही असली तर त्यातूनच नक्कल देता येईल. तीच वही पुढे ‘आमचा डीपी वर्षात किती वेळा जळाला’ हे सांगायलाही कामाला येईल. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडून बघा.